‘दिली’ म्हणजे तिनं दिली? मराठी भूतकाळ इंग्रजी कानाला का फसवतो

तलासरी तालुक्यातल्या एका छोट्या दवाखान्यात घडलेला प्रसंग सांगते. माझ्या पीएचडीच्या कामासाठी मी या भागात येऊन-जाऊन असते, आणि बाहेरून इथे कामाला आलेल्या दोघा-तिघांना मराठी शिकवते. त्यांतली एक तरुण डॉक्टर. लहानपण इंग्लंडमध्ये गेलं, घरीही इंग्रजीच. सहा महिन्यांत मराठी बरीच बोलायला लागली होती.

एका बाळाला जुलाब होत होते. डॉक्टरने आदल्या दिवशी झिंकच्या गोळ्या आणि ओआरएसची पाकिटं दिली होती. गोळी दिवसातून एकदा, आणि ओआरएसचं पाणी दर जुलाबानंतर थोडं थोडं. दुसऱ्या दिवशी दुपारी आशाताई त्या घरी जाऊन आल्या. डॉक्टरने विचारलं, “गोळी आणि पाणी, दोन्ही दिलं का आईने?” आशाताई म्हणाल्या, “दिली ना काल रात्री. पण सकाळपासून दिलं नाही.”

डॉक्टरने वहीत लिहिलं: काल रात्री औषध दिलं, आज नाही दिलं. मग म्हणाली, “ठीक आहे, आजची गोळी आता द्यायला सांगा.” आशाताई चक्रावल्या. “अहो, गोळीचं नाही म्हणत मी! पाणी दिलं नाही सकाळपासून. बाळ सुकलंय.”

डॉक्टरचं म्हणणं, आशाताईंनी ‘पाणी’ हा शब्द उच्चारलाच नव्हता. खरं होतं ते. आशाताईंचं म्हणणं, मी स्पष्ट सांगितलं होतं. तेही खरं होतं. गोळी ‘ली’मध्ये होती आणि पाणी ‘लं’मध्ये. आपण मराठी बोलणारे ही अक्षरं न ऐकता ऐकतो. डॉक्टरनेही ‘दिली’तलं ‘ली’ ऐकलं होतं, पण तिला ते ‘ती’चं वाटलं: तिनं, म्हणजे आईनं, दिली.

आजचा लेख या एका गैरसमजाबद्दल आहे. तो कुठून येतो, आणि कोणत्या सरावाने जातो.

आपणच आधी चुकीचं शिकवतो

इंग्रजीत भूतकाळाचं क्रियापद माणूस बदलला तरी बदलत नाही. मी, तू, ती, ते सगळे, सगळ्यांना एकच रूप. ‘असणे’ या एका क्रियापदाचा अपवाद सोडला तर इंग्रजी बोलणाऱ्याला भूतकाळात कशाशी काही जुळवायची सवयच नसते. मराठीत आल्यावर तो पहिल्यांदा शिकतो: मी गेलो, मी गेले, तो गेला, ती गेली. म्हणजे क्रियापद करणाऱ्याकडे बघतं. नवीन आहे, पण पटतं. वर्तमानकाळातही तेच असतं: मी पपई खातो, मी पपई खाते.

मग पुढच्या धड्यात येतं: मी पपई खाल्ली. बोलणारा पुरुष असो की बाई, खाल्लीच. आणि चिकू असला तर खाल्ला. इथे क्रियापदाने करणाऱ्याकडे पाठ फिरवली आणि ते वस्तूकडे बघायला लागलं. शिकणाऱ्याने नुकताच मोठ्या कष्टाने बसवलेला नियम उलटा झाला.

आपली शाळेतली नावं इथे उपयोगी आहेत. ‘मी गेलो’ हा कर्तरी प्रयोग, ‘मी पपई खाल्ली’ हा कर्मणी, आणि ‘मी मुलीला पाहिलं’ हा भावे. मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त या प्रयोगांची सविस्तर चर्चा आहे. आधुनिक भाषाशास्त्रात कर्मणी-भावेच्या या वागणुकीला ‘अर्गेटिव्ह’ म्हणतात.

पण कर्मणीचं भाषांतर करताना एक घोटाळा होतो. इंग्रजी येणारा शिक्षक सांगतो, ‘मी पपई खाल्ली’ म्हणजे खरं तर ‘माझ्याकडून पपई खाल्ली गेली’. शिकणाऱ्याला क्षणभर उजेड पडतो, आणि मग तो सगळ्याच वाक्यांत अवघडलेला राहतो. ‘खाल्ली गेली’ हे मराठीत वेगळं रूप आहे, आणि ते कुणी खाल्ली हे सांगायचं नसतं तेव्हा येतं. ‘मी पपई खाल्ली’ हे अगदी साधं, सरळ वाक्य आहे. ‘रमेशने आपली पिशवी उचलली’ म्हटलं की ‘आपली’ म्हणजे रमेशचीच. वाक्याचा मालक रमेशच आहे, फक्त क्रियापदाची शेपटी पिशवीला बांधलेली आहे. मी शिकवताना हे शेपटीचंच चित्र वापरते.

ही शेपटी वस्तूला का बांधली, याला इतिहास आहे. संस्कृतात भूतकाळ सांगायला ‘मया आम्रः खादितः’ अशी रचना खूप वापरली जायची: ‘माझ्याकडून आंबा खाल्लेला’. ‘खादित’ हे विशेषणासारखं रूप, म्हणून ते आंब्याशी जुळायचं. त्या रचनेतूनच आपला ‘ल’चा भूतकाळ आला. जुन्या मराठीत ‘माझ्याकडून’ या अर्थाचं ‘मियां’ असं रूप होतं. आज त्या जागीही ‘मी’च आहे, म्हणून ‘त्याने खाल्ली’ असं म्हणतो पण ‘मीने खाल्ली’ म्हणत नाही. शिकणाऱ्याला ही गोष्ट मी सांगते, कारण ‘मी’ला ‘ने’ का नाही हा प्रश्न प्रत्येक जण विचारतोच.

एक दुरुस्ती मात्र लगेच करावी लागते. हा उलटा नियम सगळ्या भूतकाळाचा नाही. ‘मी पपई खात होतो’, ‘मी रोज पपई खायचो’ ही वाक्यंही कालचीच, पण त्यांत क्रियापद करणाऱ्याकडेच बघतं. उलटा होतो तो पूर्ण झालेल्या कामाचा ‘ल’: खाल्ली, खाल्ली आहे, खाल्ली होती. म्हणून मी ‘भूतकाळाचा नियम’ असं म्हणणं सोडून दिलंय. ‘ल’चा नियम म्हणते.

दोन चुका, दिसायला सारख्या

सरावाकडे जाण्याआधी चूक कोणती आहे ते ओळखायला हवं. तलासरीजवळच्या एका शाळेत गणित शिकवायला आलेला तरुण माझा दुसरा विद्यार्थी. तो एकदा म्हणाला, “मी पपई खाल्लो.” दुसऱ्यांदा म्हणाला, “मी पपई खाल्लं.” दोन्ही चूकच, पण दोन वेगळ्या जागी.

‘खाल्लो’ म्हणताना त्याने क्रियापद स्वतःशी जुळवलं. त्याला ‘ल’चा नियमच बसलेला नाही. ‘खाल्लं’ म्हणताना त्याने क्रियापद वस्तूशीच जुळवलं, फक्त पपई स्त्रीलिंगी हे त्याला माहीत नव्हतं. पहिल्याला प्रयोगाचा सराव हवा, दुसऱ्याला लिंगाचा. शिक्षक दोघांना ‘खाल्ली म्हण’ एवढंच सांगतो, आणि म्हणून पहिली चूक महिनोन्‌महिने जात नाही.

शिकणारी बाई असेल तर आणखी एक सापळा आहे. माझी डॉक्टर एकदा म्हणाली, “मी चिकू खाल्ले.” डहाणू-घोलवडच्या चिकूच्या पट्ट्यात हे अगदी नैसर्गिक वाक्य. मी शाबासकी दिली. नंतर लक्षात आलं की तिने एकच चिकू खाल्ला होता! ‘गेले, बसले, उठले’ या चालीवर तिने ‘खाल्ले’ स्वतःशी जुळवलं होतं. पण चिकूचं अनेकवचनही चिकूच, आणि ‘चिकू खाल्ले’ हे अनेकवचनी वाक्य बिनचूक. चूक बरोबर वाक्याच्या आड लपली. म्हणून बाई शिकत असेल तर तपासायला स्त्रीलिंगी एकवचनी वस्तू घ्या. ‘मी पपई खाल्ले’ ही चूक लपू शकत नाही.

छापील मराठीही भर घालते. आपण बोलतो ‘औषध दिलं’, पण पुस्तकात आणि पाटीवर असतं ‘औषध दिले’. मग तेच ‘दिले’ एका औषधालाही लागतं आणि ‘चार डोस दिले’ म्हणताना अनेकवचनालाही. मी पहिले काही महिने फक्त बोलीतलं ‘लं’ वापरते. छापील ‘ले’ ओळखायला नंतर शिकवते.

सराव पहिला: टोपली

एका टोपलीत चिकू, पपई आणि केळं ठेवायचं. पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग. शिकणारा एक एक उचलतो आणि उचलून झाल्यावर बोलतो: मी चिकू घेतला. मी पपई घेतली. मी केळं घेतलं.

आता वस्तू तीच ठेवून माणूस बदलायचा. पपई हातोहात फिरते, आणि प्रत्येक जण बोलतो: मी पपई घेतली. आम्ही पपई घेतली. त्याने पपई घेतली. तिने पपई घेतली. मुलांनी पपई घेतली. बाप्या, बाई, पोरं, सगळे बदलले, ‘घेतली’ हललं नाही. नियम सांगण्यापेक्षा हे पाच-सहा वेळा कानावर पडणं जास्त काम करतं.

मग उलट: माणूस एकच, वस्तू बदलायच्या, आणि शेवटी अनेकवचन. चिकू घेतले, पपया घेतल्या, केळी घेतली. शेवटच्या जागी शिकणारा अडखळतो, कारण केळी पुष्कळ आहेत आणि क्रियापद मात्र एका पपईसारखं. हे तसंच आहे, एवढं सांगून पुढे जायचं.

यात एक पथ्य आहे. वस्तूंचं लिंग आधीच पाठ झालेलं हवं. ‘चिकू’ या शब्दावरून पुल्लिंग कळायला काही मार्ग नाही. म्हणून मी नवीन शब्द कधीच एकटा देत नाही: गोड चिकू न म्हणता पिकलेला चिकू, पिकलेली पपई, पिकलेलं केळं. ‘गोड’ काहीच सांगत नाही, ‘पिकलेला’ लिंग सांगतो.

सराव दुसरा: वस्तू लपवा

पहिला सराव तोंडाचा होता, हा कानाचा. दवाखान्यातला घोटाळा कानाचा होता, हे विसरायचं नाही.

शिकणाऱ्यासमोर चार गोष्टी मांडायच्या: एक गोळी, एक ग्लास पाणी, औषधाच्या डोसाचं झाकण, आणि ओआरएसची दोन पाकिटं. बोलणारा वस्तूचं नाव घेत नाही. फक्त म्हणतो: “काल दिली.” शिकणाऱ्याने गोळीवर बोट ठेवायचं. “सकाळी दिला.” डोस. “दुपारी दिलं.” पाणी. पाकिटं नपुंसकलिंगी अनेकवचन, म्हणून तीही ‘दिली’. म्हणजे “दिली” ऐकल्यावर गोळी किंवा पाकिटं, दोन्ही शक्य आहेत, आणि त्या वेळी त्याने विचारायला शिकायचं: “काय दिली, गोळी की पाकिटं?” हा प्रश्न विचारता येणं हाही सरावाचा भाग आहे.

बोलणारी कधी बाई घ्यावी, कधी पुरुष, आणि देणाराही बदलावा: आईने दिली, बापाने दिली, मी दिली. म्हणजे शेपटीवरून देणारा शोधायची सवय हळूहळू मोडते. डॉक्टरसोबत आम्ही हा खेळ रोज दहा मिनिटं, जेवणाच्या सुट्टीत, आशाताईंनाच बोलायला बसवून केला. त्या बोलतात तसंच, त्या वेगानं.

सराव तिसरा: एकाचा दिवस, दुसऱ्याच्या तोंडी

मला सगळ्यात जास्त भरवसा या सरावाचा वाटतो, कारण यात दोन्ही नियम शेजारी शेजारी येतात. पुरुषाच्या तोंडचा एक दिवस घ्या:

मी सकाळी सहाला उठलो. चहा केला. भाकरी खाल्ली. डहाणू रोड स्टेशनला गेलो. तिकीट काढलं. गाडीत बसलो. पालघरला उतरलो. दोन वह्या घेतल्या. संध्याकाळी घरी आलो.

आता हाच दिवस बाईच्या तोंडून सांगायचा. उठले, गेले, बसले, उतरले, आले. नऊ क्रियापदांतली पाच बदलली. केला, खाल्ली, काढलं, घेतल्या ही चार तिथेच राहिली. शिकणाऱ्याने आधी पेन्सिलने ही चार शोधून खूण करायची आणि मगच बोलायचं. जो ‘मी चहा केले’ म्हणतो त्याचा नियम अजून कच्चा आहे, आणि तो नेमका कुठे कच्चा आहे हे तुम्हाला लगेच दिसतं.

दोघांना हे जमायला लागलं की तिसरी फेरी ‘तू’ची. चहा केलास, भाकरी खाल्लीस, तिकीट काढलंस, वह्या घेतल्यास. इथे क्रियापद वस्तूकडे बघतंच, वर ‘स’ लावून समोरच्या माणसालाही ओळख देतं. गणिताच्या मास्तरांना हे फार आवडलं. “आधी वस्तू, मग माणूस,” असं त्यांनी वहीत लिहून ठेवलं. पण ही फेरी आधी घेतली तर सगळा गोंधळ होतो.

‘ला’चा सापळा

वस्तू किंवा माणसाला ‘ला’ लागला की क्रियापद त्याच्याकडेही बघत नाही, ‘लं’वर जाऊन थांबतं. ‘मी मुलगी पाहिली’ आणि ‘मी मुलीला पाहिलं’ यांतला फरक सगळ्यांना चटकन लक्षात राहतो, कारण पहिलं वाक्य ऐकून लोक लग्न कधी म्हणून विचारतात.

पण यावरून ‘ला दिसला की लं’ असा नियम पाठ केला की पुढचीच पायरी चुकते. डॉक्टर म्हणायला लागली, “मी मुलीला गोळी दिलं.” इथे ‘मुलीला’ आहे खरं, पण गोळी मोकळी आहे, तिला काही लागलेलं नाही. क्रियापद आधी अशी मोकळी वस्तू शोधतं. सापडली तर तिच्याशी जुळतं: मुलीला गोळी दिली, मुलीला डोस दिला. एकही मोकळी वस्तू सापडली नाही तरच ‘लं’: मुलीला तपासलं. क्रम असाच सांगायचा. ‘ला’कडे बघू नका, मोकळं काय आहे ते शोधा.

डहाणू-तलासरीच्या बाजारात एक वेगळी चूकही कानावर येते: ‘मी मुलीला पाहिली’. ती इंग्रजीची नाही, गुजरातीची आहे. गुजरातीतही पूर्ण झालेल्या कामाचं क्रियापद वस्तूशी जुळतं, पण ‘ने’ लागलेल्या मुलीशीही ते जुळतच राहतं. त्यामुळे गुजराती घरातून आलेल्याला टोपलीचा सराव जवळजवळ लागत नाही, आणि हा सापळा मात्र त्याच्यासाठीच आहे. इंग्रजीवाल्याचं नेमकं उलट. दोघांना एकाच वर्गात एकच धडा देण्यात अर्थ नाही.

जी क्रियापदं ऐकत नाहीत

काही क्रियापदांना वस्तू असते, तरी ती करणाऱ्याशीच जुळतात. मी मराठी शिकलो. मी त्याचं नाव विसरले. ती साडी नेसली. आम्ही भात जेवलो. मी त्याला भेटले. म्हणजे ‘मी भात खाल्ला’ पण ‘मी भात जेवलो’. ‘म्हणणे’ तर दोन्हीकडे आहे: ‘तो म्हणाला’ आणि ‘त्याने म्हटलं’. चहाचं काय, यावर मराठी माणसांतच एकमत नाही: कुणी ‘चहा प्यायलो’ म्हणतं, कुणी ‘चहा प्यायला’.

ही क्रियापदं मोजकी आहेत आणि रोज लागणारी आहेत. त्यांना नियमात बसवायच्या भानगडीत न पडता पूर्ण वाक्य म्हणून पाठ करून घ्यावीत. आणि पहिले तीन सराव पक्के होईपर्यंत त्यांना टोपलीत घालू नये. पहिल्याच आठवड्यात कुणी ‘मी मराठी शिकलो’ शिकवलं, की ‘मी पपई खाल्लो’ला कायमचा आधार मिळतो.

सरावांची मर्यादाही सांगायला हवी. टोपलीसमोर बरोबर बोलणारा माणूस घाईत, लांब वाक्यात, वस्तू आणि क्रियापद यांच्यामध्ये पाच-सहा शब्द आले की पुन्हा ‘लो’वर घसरतो. तोंड नंतर सुधारतं, कान आधी. डॉक्टर अजूनही अधूनमधून ‘मी गोळी दिले’ म्हणते, आणि आशाताई न हसता ‘दिली’ म्हणून पुढे जातात.

पण गेल्या महिन्यात मी दवाखान्यात बसले होते, तेव्हा एका आजीला तिने विचारलं, नातवाला औषध चालू आहे ना. आजी म्हणाली, “दिली की.” डॉक्टरने लिहायला घेतलेलं पेन थांबवलं. “गोळी दिली, आजी. आणि पाणी? पाणी दिलं का?”